सळई तुटण्याआधी काय काय सांगते

दहा मिलिमीटर व्यासाची, कातून गुळगुळीत केलेली माइल्ड स्टीलची एक छोटी कांडी यूटीएमच्या वरच्या आणि खालच्या जबड्यांत उभी पकडली जाते. यूटीएम म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणि सळयांच्या कारखान्याच्या तपासणी विभागात ते हमखास दिसते. कांडीच्या मधल्या भागावर सेंटर पंचाने बरोबर ५० मिलिमीटर अंतरावर दोन बारीक ठिपके मारलेले असतात. तेवढ्याच अंतरावर एक्स्टेन्सोमीटर नावाचे नाजूक उपकरण चिमटलेले असते. मशीन सुरू होते आणि खालचा जबडा सावकाश वरच्यापासून दूर जाऊ लागतो. कांडी तुटेपर्यंत काही मिनिटे जातात. तेवढ्या वेळात संगणकाच्या पडद्यावर, किंवा जुन्या मशीनच्या ड्रमवर गुंडाळलेल्या कागदावर, एक रेघ उमटत जाते.

तुटायला किती भार लागला, एवढेच बहुतेकांना या रेघेतून हवे असते. प्रत्यक्षात हा सगळ्यात कमी बोलका आकडा आहे. धातू कुठे नमला, नमल्यावर त्याने किती झुंज दिली आणि तुटेपर्यंत किती ऊर्जा गिळली, हे सगळे रेघेच्या आकारात असते. तो आकार वाचता आला नाही, तर घराच्या बांधकामासाठी सळई निवडतानाही चूक होऊ शकते.

आधी अक्षांचे बघू. मशीन मोजते तो भार आणि वाढलेली लांबी. जाड कांडीला जास्त भार लागणार आणि लांब कांडी जास्त ताणली जाणार, हे उघड आहे. म्हणून भाराला मूळ छेदाच्या क्षेत्रफळाने भागतात. त्यातून मिळते ते प्रतिबल, आणि ते आलेखाच्या उभ्या अक्षावर जाते. वाढलेल्या लांबीला मूळ ५० मिलिमीटरने भागले की विकृती मिळते. ती आडव्या अक्षावर जाते. दहा मिलिमीटर व्यासाच्या कांडीचा छेद ७८.५ चौरस मिलिमीटर भरतो. या भागाकारातला ‘मूळ’ हा शब्द वाचकाने लक्षात ठेवावा, कारण आलेखातला सगळ्यात फसवा भाग त्याच्यामुळेच तयार होतो.

सुरुवातीला रेघ जवळजवळ उभी चढते आणि ती सरळ असते. भार दुप्पट केला की वाढ दुप्पट होते, भार काढला की कांडी पहिल्या लांबीवर परत येते. या टप्प्यात अणूंमधली अंतरे किंचित ताणली जातात, पण कोणताही अणू आपली जागा सोडत नाही. या सरळ रेघेचा चढ म्हणजे यंगचा गुणांक. पोलादासाठी तो सुमारे २ लाख न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असतो. पोलाद स्वस्त असो की महाग, मऊ असो की कडक, या चढात फारसा फरक पडत नाही. त्यामुळे पोलादाच्या चाचणीत हा चढ निम्माच दिसत असेल, तर दोष पोलादात नसून मोजणीत असतो. त्याबद्दल पुढे.

मग रेघ एकदम मोडते.

सर्वसाधारण माइल्ड स्टीलला शोभतील असे आकडे घेऊन ही कांडी शेवटपर्यंत पाहू. भार २२.४ किलोन्यूटनपर्यंत, म्हणजे प्रतिबल २८५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरपर्यंत चढतो आणि तिथून अचानक घसरून २०.८ किलोन्यूटनवर, म्हणजे २६५ वर येतो. काट्याच्या मशीनवर हे डोळ्यांना स्पष्ट दिसते. त्या तबकडीवर दोन काटे असतात. एक भारासोबत हलणारा, दुसरा त्याने पुढे ढकललेला आणि गाठलेल्या जागीच थांबून राहणारा. धातू नमला की हलणारा काटा अडखळतो, मागे येतो आणि तिथल्या तिथे थरथरत राहतो. जबडे दूर सरकतच असतात, कांडी लांबत असते, पण भार वाढत नाही. पृष्ठभागावर रोलिंग मिलमधली काळी पापडी शिल्लक असेल, तर ती या वेळी सुटून खाली पडू लागते. घासून चकचकीत केलेल्या कांडीवर भाराच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन करणारे मंद पट्टे दिसतात. एका टोकाकडून सुरू होऊन ते कांडीभर पसरत जातात. हे ल्यूडर्स पट्टे.

एवढ्या शिस्तीत वाढणारे प्रतिबल असे कोलमडते का? याचे उत्तर पोलादातल्या कार्बनमध्ये आणि नायट्रोजनमध्ये आहे. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या ओळी सगळीकडे नीट जुळलेल्या नसतात. जागोजागी एखादी ओळ अर्ध्यावर संपलेली असते. या दोषांना डिसलोकेशन म्हणतात. धातू वाकतो किंवा लांबतो तो हे दोष स्फटिकातून सरकत गेल्यामुळे. पोलादात कार्बन आणि नायट्रोजनचे छोटे अणू या दोषांभोवती गोळा होऊन त्यांना जखडून ठेवतात. हे स्पष्टीकरण ॲलन कॉट्रेल आणि ब्रूस बिल्बी यांनी १९४९ मध्ये मांडले. दोष एकदा त्या विळख्यातून सुटले, शिवाय नवे दोष तयार झाले, की त्यांना चालते ठेवायला कमी बळ पुरते. म्हणून वरचा यील्ड बिंदू आणि खालचा यील्ड बिंदू असे दोन आकडे मिळतात.

यांतला कोणता धरायचा? वरचा बिंदू चंचल आहे. कांडी जबड्यात किंचित तिरकी बसली, तर तिच्या एका बाजूवर आधी जास्त ताण येतो आणि वरचा बिंदू खाली सरकतो, कधी दिसतही नाही. मशीन जलद चालवले तर तो वर जातो. खालचा बिंदू त्या मानाने स्थिर असतो. म्हणून पोलादाचा स्वभाव जाणून घ्यायला खालचा बिंदू बरा. अहवालात मात्र कोणता द्यायचा हे त्या त्या मानकात लिहिलेले असते, आणि जो दिला त्याचे नाव सोबत देणे आवश्यक असते. नुसते ‘यील्ड २८५’ लिहिणाऱ्या अहवालाने वाचकाला २० एककांच्या फरकाबद्दल अंधारात ठेवलेले असते.

नमण्याच्या या क्षणापर्यंत कांडी किती लांबली होती? २६५ भागिले २ लाख, म्हणजे ०.००१३. पन्नास मिलिमीटरमध्ये ही वाढ ०.०६६ मिलिमीटर होते, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीएवढी. एक्स्टेन्सोमीटर लागतो तो यासाठी. पुष्कळ ठिकाणी तो न लावता जबडे किती सरकले तेच मोजतात आणि त्यालाच कांडीची वाढ समजतात. पण जबडे सरकतात तेव्हा कांडीसोबत मशीनचे खांबही किंचित ताणले जातात आणि जबड्यांचे दाते कांडीत रुततात. कांडीची पकडलेली टोकेही थोडी घसरतात. या सगळ्याची बेरीज एखादा मिलिमीटर सहज होते आणि केसाएवढी खरी वाढ त्यात बुडून जाते. अशा आलेखाची दोन लक्षणे आहेत. एक, सुरुवातीला रेघ सरळ न चढता आडवी लोळत जाते आणि मग उठते. दोन, तिचा चढ २ लाखांऐवजी काही हजारांवर भरतो. अशा आलेखावरून कमाल भार ठीक मिळतो, ठळक यील्ड असेल तर तोही काट्यावरून कळतो. पण त्यावरून यंगचा गुणांक काढणे व्यर्थ आहे.

ठळक यील्ड सगळ्या धातूंना नसतो. ॲल्युमिनिअमच्या मिश्रधातूंची रेघ सरळ चढता चढता अलगद वळते आणि नेमकी कुठे वळली हे दोन माणसे दोन ठिकाणी दाखवतात. थंड अवस्थेत पीळ दिलेल्या जुन्या पद्धतीच्या सळयांचेही तसेच. तिथे एक तडजोड सर्वमान्य झाली आहे. आडव्या अक्षावर ०.२ टक्के विकृतीला, म्हणजे ५० मिलिमीटरच्या गेज लांबीत ०.१ मिलिमीटरला खूण करायची. तिथून सुरुवातीच्या सरळ रेघेला समांतर रेघ काढायची. ती आलेखाला जिथे छेदते तिथले प्रतिबल म्हणजे ०.२ टक्के प्रूफ प्रतिबल. भार काढून घेतला तर कांडीत नेमकी ०.२ टक्के कायमची वाढ उरेल, असा तो बिंदू. या कृतीत सगळी भिस्त सरळ रेघेचा चढ बरोबर असण्यावर आहे. एक्स्टेन्सोमीटर नसेल तर समांतर रेघ कशाला समांतर काढायची हाच प्रश्न उरतो.

आपली कांडी आता सपाट पट्टा ओलांडते. साधारण दीड टक्का विकृतीपर्यंत ल्यूडर्स पट्टे सगळ्या लांबीवर पसरून झालेले असतात आणि रेघ पुन्हा चढू लागते. सरकणारे दोष आता एकमेकांत अडकू लागलेले असतात, म्हणून पुढच्या प्रत्येक वाढीला आधीपेक्षा जास्त बळ लागते. तार वाकवून सरळ केली की वाकल्या जागी ती ताठर झालेली जाणवते, त्यामागेही हेच कारण आहे. रेघ कमानीसारखी वळत ३३.८ किलोन्यूटनवर माथा गाठते. भागाकार ४३० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. हे कमाल ताणबल. या क्षणी कांडी ५० वरून ६० मिलिमीटर झालेली आहे, म्हणजे २० टक्के लांबली आहे आणि ती सगळीकडे सारखीच बारीक झाली आहे. व्हर्नियरने मोजला तर व्यास साधारण ९.१ मिलिमीटर भरेल.

माथ्यानंतर रेघ उतरते आणि पाहणारा फसतो तो इथे. धातू थकला, कमजोर झाला, असे वाटते. खरे चित्र उलटे आहे. कांडी लांबते तेव्हा दोन गोष्टींची शर्यत चाललेली असते. छेद बारीक होत जातो म्हणून तिची भार पेलण्याची क्षमता घटते. त्याच वेळी धातू कडक होत जातो म्हणून ती वाढते. माथ्यापर्यंत कडकपणा पुढे असतो. एखादी जागा जरा जास्त बारीक झालीच, तर ती जास्त कडक होऊन स्वतःला सावरते आणि वाढ दुसरीकडे सरकते, म्हणून कांडी एकसारखी लांबते. माथ्यावर दोघे बरोबरीत येतात. त्यापुढे बारीक होणे जिंकते. जी जागा योगायोगाने जरा बारीक आहे, तिच्यात पुढची सगळी वाढ एकवटते आणि तिथे मान पडते. १८८५ मध्ये आर्मां काँसिदेर या फ्रेंच अभियंत्याने हा हिशेब मांडला.

मान पडल्यावरही धातू कडक होतच असतो. फक्त आलेख काढणारे यंत्र भाराला अजूनही मूळ ७८.५ चौरस मिलिमीटरनेच भागते. आपली कांडी २६ किलोन्यूटनवर तुटते. मूळ क्षेत्रफळाने भागले तर ३३१, माथ्यापेक्षा बरेच कमी. पण तुटलेल्या जागी मानेचा व्यास ६.२ मिलिमीटर उरला आहे, क्षेत्रफळ ३०.२. त्याने भागले तर ८६१ येते. माथ्यावरच्या २० टक्के ताणलेल्या छेदाने भागल्यास तिथले खरे प्रतिबल ५१६ होते. म्हणजे मानेतला धातू शेवटच्या क्षणी कागदावरच्या कमाल ताणबलाच्या दुप्पट प्रतिबल सोसत होता. कमाल ताणबल हा धातूचा कडेलोट नसून, कांडी एकसारखी राहण्याचा शेवट आहे.

तुटलेले दोन तुकडे जुळवून ठिपक्यांमधले अंतर मोजले तर ६६ मिलिमीटर. वाढ १६ मिलिमीटर, म्हणजे ३२ टक्के. या १६ पैकी १० मिलिमीटर सगळ्या लांबीने मिळून दिले आणि उरलेले ६ एकट्या मानेने. आता हीच कांडी ५० ऐवजी १०० मिलिमीटरवर ठिपके मारून ताणली असती तर? एकसारखी वाढ २० मिलिमीटर झाली असती, मान मात्र तेच ६ देती. एकूण २६ मिलिमीटर, म्हणजे २६ टक्के. कांडी तीच आणि पोलादही तेच, पण अहवालात ३२ च्या जागी २६. म्हणूनच गेज लांबी न लिहिता दिलेल्या टक्केवारीला काही अर्थ नसतो. मानकांनी गोल नमुन्यासाठी गेज लांबी व्यासाच्या पाचपट ठरवली आहे ती यासाठीच. कांडी ठिपक्यांच्या मध्याजवळ न तुटता एखाद्या ठिपक्याच्या अगदी जवळ किंवा बाहेर तुटली, तर मानेचे ते ६ मिलिमीटर मोजणीत पुरते येतच नाहीत. मग टक्केवारी कमी दिसते. अशी चाचणी किमान मर्यादेत नापास झाली तर ती बाद धरून दुसरी कांडी लावणे योग्य.

तुटलेली टोके बोटांनी चाचपली की तन्य धातूची सही सापडते. एका बाजूला वाटीसारखा खळगा, दुसऱ्या बाजूला त्यात बसणारा बोथट शंकू. मानेच्या मध्यभागी सूक्ष्म पोकळ्या तयार होऊन एकमेकींना मिळतात आणि शेवटी कडेचा कंगोरा तिरका फाटतो. एखादा नमुना मान न पडता सपाट, चमकदार, कणीदार पृष्ठभाग ठेवून तुटला, तर आकडे कितीही मोठे असोत, ते पोलाद त्या चाचणीत ठिसूळ वागले.

आता चिवटपणा. आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे धातूने दर घन एककामागे गिळलेली ऊर्जा. न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर गुणिले मिलिमीटर प्रति मिलिमीटर, म्हणजे ज्यूल प्रति घन सेंटिमीटर, एवढे सरळ गणित आहे. पूर्वी आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजून ते काढत, आता संगणक काढतो. पण हाताने एकदा केलेले बरे. आपल्या कांडीचे चार तुकडे करू. यील्डपर्यंतचा त्रिकोण, अर्धा गुणिले २६५ गुणिले ०.००१३, जेमतेम ०.१८. सपाट पट्टा, २६५ गुणिले दीड टक्का, सुमारे ४. चढती कमान, सरासरी ३८५ धरून १८ टक्क्यांवर, सुमारे ७०. उतरता भाग, सरासरी ४०० धरून १२ टक्क्यांवर, ४८. बेरीज १२० च्या आसपास. घाई असेल तर यील्ड आणि कमाल ताणबलाची सरासरी घेऊन तिला तुटण्याच्या विकृतीने गुणतात. इथे ते १११ येते, ढोबळ अंदाजाला पुरेसे.

ठिपक्यांमधल्या धातूचे आकारमान सुमारे ३.९ घन सेंटिमीटर. म्हणजे या बोटभर तुकड्याने तुटण्यापूर्वी सुमारे ४७० ज्यूल गिळले. ४८ किलोचे वजन एक मीटर खाली पडते तेव्हा एवढी ऊर्जा सुटते. यील्डपर्यंत गिळलेली ऊर्जा मात्र ०.७ ज्यूलसुद्धा नाही. तेच वजन दीड मिलिमीटर खाली आले तर एवढी होते. धक्का बसतो तेव्हा जीव वाचवणारी जवळजवळ सगळी क्षमता यील्डच्या पलीकडे असते, हे या दोन आकड्यांत दिसते. आणि उतरत्या भागाचे दर घन सेंटिमीटरमागचे ते ४८ ज्यूल गेज लांबीवर अवलंबून आहेत हेही विसरून चालत नाही. चिवटपणाची तुलना करायची तर दोन्ही नमुने एकाच मापाचे हवेत.

ताकद वाढली की चिवटपणा वाढतोच असे नाही. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटच्या पुलांत वापरतात त्या पिळाच्या तारांचे कमाल ताणबल १८६० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर असते, आपल्या कांडीच्या चौपटीहून जास्त. पण त्यांच्याकडून अपेक्षित किमान वाढ साडेतीन टक्के. तेवढ्याच वाढीवर हिशेब केला तर क्षेत्रफळ साठच्या आसपास, म्हणजे कांडीच्या निम्मे. अशा तारेचा आलेख उंच मनोऱ्यासारखा आणि माइल्ड स्टीलचा बुटक्या पण लांब पडवीसारखा.

घर बांधणाऱ्यांच्या हातात हा विषय येतो तो टीएमटी सळयांच्या चाचणी प्रमाणपत्रातून. आयएस १७८६ या भारतीय मानकात एफई ५०० आणि एफई ५००डी अशा दोन प्रती शेजारी शेजारी आहेत. दोघींत किमान प्रूफ प्रतिबल ५००. पण एफई ५०० साठी कमाल ताणबल प्रत्यक्ष प्रूफ प्रतिबलापेक्षा ८ टक्के जास्त असले आणि वाढ १२ टक्के असली तरी पुरते. डी प्रतीला १० टक्के आणि १६ टक्के लागतात, शिवाय कमाल भारापर्यंतची एकसारखी वाढ किमान ५ टक्के हवी.

समजा दोन प्रमाणपत्रे समोर आहेत. पहिल्यावर यील्ड ५६०, कमाल ६१०, वाढ १३. दुसऱ्यावर यील्ड ५२०, कमाल ६२५, वाढ १९. दुकानात पहिली सळई ‘जास्त दमाची’ म्हणून खपेल. आलेखाच्या नजरेने पाहिले तर पहिलीचे क्षेत्रफळ ढोबळ हिशेबाने ७६ आणि दुसरीचे १०९. त्याहून महत्त्वाचा फरक कमाल आणि यील्डच्या गुणोत्तरात आहे, पहिलीत १.०९ आणि दुसरीत १.२०. भूकंपात तुळईला खांबाजवळ तडा जातो आणि त्या तड्यातली सळई नमते. ती नमल्यावर पुरेशी कडक होत गेली, तर तिच्यातला भार वाढतो आणि तड्याच्या आजूबाजूची सळईही नमू लागते. वाढ अशी मोठ्या लांबीत वाटली जाते. गुणोत्तर एकच्या जवळ असेल तर शेजारच्या लांबीला नमण्याइतका भार मिळतच नाही. सगळी वाढ त्या एका तड्यात कोंबली जाते आणि सळई तिथेच तुटते. भूकंपरोधक बांधकामाच्या आयएस १३९२० या मानकात म्हणूनच हे गुणोत्तर किमान १.१५ आणि वाढ किमान १४.५ टक्के मागितली आहे. पहिली सळई एफई ५०० म्हणून पास होईल, पण इथे बसणार नाही.

याच मानकात आणखी एक अट आहे, ती वाचून अनेक जण चक्रावतात. प्रत्यक्ष यील्ड ठरवलेल्या आकड्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त नसावे. म्हणजे ५०० च्या सळईचे ६०० च्या वर नको. जास्त ताकदीला हरकत कसली? कारण रचनाकाराने तुळई आधी नमेल आणि खांब उभे राहतील असा हिशेब केलेला असतो. तुळईतली सळई अपेक्षेपेक्षा फार दणकट निघाली तर ती नमतच नाही आणि तिला सोसवत नाही तो भार खांबांवर जातो.

टीएमटी सळईची चाचणी करताना एक चूक मुद्दाम टाळावी लागते. या सळया रोलिंगनंतर पाण्याच्या झोताने झटकन थंड केलेल्या असतात, म्हणून त्यांच्या कडेला कडक कवच आणि आत मऊ गाभा असतो. माइल्ड स्टीलच्या कांडीसारखी ती लेथवर कातून गुळगुळीत केली की कवचच निघून जाते आणि मशीन उरलेल्या मऊ गाभ्याची परीक्षा घेते. अशी सळई न कातता, फासळ्यांसकट, पूर्ण छेदात ताणायची असते.

ताणचाचणीतल्या चिवटपणाची मर्यादा अमेरिकेतल्या एका जहाजाने दाखवून दिली. ‘स्केनेक्टडी’ हे वेल्डिंगने बांधलेले तेलवाहू जहाज १६ जानेवारी १९४३ रोजी ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड इथे गोदीत उभे होते. काही आठवड्यांपूर्वीच ते बांधून पूर्ण झाले होते. पाणी शांत होते, हवा थंड होती. मोठा आवाज होऊन जहाज मधोमध जवळजवळ दुभंगले. त्या काळच्या जहाजी पोलादाच्या कांड्या प्रयोगशाळेत चांगल्या ताणल्या जात आणि नीट मान पडून तुटत. पण प्रयोगशाळेतली कांडी गुळगुळीत असते, खोली उबदार असते आणि भार मिनिटांच्या हिशेबाने चढतो. जहाजाला खाचा होत्या, वेल्डिंगचे दोष होते आणि थंडी होती. खाचेच्या टोकाशी प्रतिबल तिन्ही दिशांनी एकवटते, त्यामुळे धातूला सरकून नमायला वाव उरत नाही. थंडीत यील्ड वर चढते, नमण्यापूर्वीच चीर धावते आणि आलेखाखालचे ते सगळे क्षेत्रफळ वापरलेच जात नाही.

म्हणून खाच पाडलेल्या, १० मिलिमीटर चौकोनी छेदाच्या नमुन्यावर लंबकाचा एकच घाव घालणारी शार्पी चाचणी वेगळी करतात. आयएस २०६२ मधल्या ई २५० पोलादाच्या पाट्या याचे चांगले उदाहरण आहेत. त्यांच्या बी शून्य या उपप्रतीला शून्य अंश सेल्सिअसवर किमान २७ ज्यूल गिळावे लागतात, सी उपप्रतीला तेवढेच उणे २० अंशांवर. दोघींची यील्ड, कमाल ताणबल आणि वाढ यांची किमान मर्यादा सारखीच असू शकते, आणि यूटीएमवर दोघींचे आलेख एकमेकांवर ठेवले तरी कोणती सी आहे ते त्यावरून सांगता येत नाही.